पूलच्या पाण्याला रंग देऊ नका, टाइलला द्या

प्रश्न: «सर, एका व्हिलाचं एक्स्टिरिअर ब्लेंडर सायकल्समध्ये करतोय. पूलचं पाणी निळ्या जेलीसारखं दिसतं. रंग काढून पारदर्शक केलं तर तळ काळा पडतो आणि कडा आरशासारख्या चमकतात. लाटा वाढवल्या की समुद्र वाटतो. टाइल पांढऱ्या-आकाशी मोझॅइकची आहे. नेमकं कुठे चुकतंय?»

उत्तर:

जेलीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या अडचणी तिच्याच मागे आहेत. तुम्ही पाण्याच्या मटेरिअलच्या `Base Color` मध्ये निळा रंग दिला असणार. तो रंग पृष्ठभागावर बसतो. मग पाणी एक बोट खोल असो की दीड मीटर, सगळीकडे सारखंच निळं होतं. खऱ्या पूलमध्ये तसं नसतं. पहिल्या पायरीवरचं पाणी जवळजवळ बिनरंगी असतं आणि तळाकडे जाताना ते निळं-हिरवट होत जातं. रंग प्रकाशाने पाण्यात कापलेल्या अंतरातून येतो. हा फरक डोळ्याला लगेच कळतो, पाहणाऱ्याला तो शब्दात सांगता आला नाही तरी.

शुद्ध पाणी लाल प्रकाश बराच शोषतं, हिरवा थोडा आणि निळा जवळपास नाहीच. पोप आणि फ्राय यांनी 1997 मध्ये केलेल्या मोजणीनुसार दर मीटरला शोषणाचा गुणांक लाल प्रकाशासाठी (650 नॅनोमीटर) सुमारे 0.34, हिरव्यासाठी (550) सुमारे 0.057 आणि निळ्यासाठी (450) सुमारे 0.009 आहे. पूल 1.2 मीटर खोल असेल, तर प्रकाश तळापर्यंत जाऊन वर येईपर्यंत किमान 2.4 मीटर पाण्यातून जातो. तेवढ्या अंतरात लाल प्रकाश 44 टक्के उरतो, हिरवा 87 आणि निळा 98. म्हणजे तळाला साधी पांढरी टाइल लावली तरी पाणी आपोआप आकाशी-हिरवट दिसतं. 30 सेंटीमीटरच्या पायरीवर हेच अंतर 60 सेंटीमीटर होतं आणि लाल प्रकाश 80 टक्क्यांहून जास्त उरतो, म्हणून पायरी पांढरीच दिसते.

सायकल्समध्ये हे जसंच्या तसं मांडता येतं. पृष्ठभागाला बिनरंगी `Glass BSDF` द्या, `IOR` 1.333 आणि `Roughness` 0. मटेरिअल आउटपुटच्या `Volume` मध्ये `Volume Absorption` जोडा. या नोडमध्ये शोषण म्हणजे घनता गुणिले (1 वजा रंग). म्हणून वरचे तिन्ही गुणांक एकाच नोडमध्ये बसतात:

```
Density: 0.34
Color:   R 0.00   G 0.83   B 0.97
```

हे आकडे RGB च्या खान्यात टाका, हेक्समध्ये नको. हेक्सचा हिशेब वेगळा असतो आणि रंग चुकेल. सीन मीटरमध्ये असला पाहिजे आणि ऑब्जेक्टचं स्केल `Ctrl+A` ने लावलेलं असलं पाहिजे. मिलिमीटर हे युनिट समजून 1.2 च्या जागी 1200 ही संख्या टाकून बनवलेल्या सीनमध्ये पाणी शाईसारखं काळं होतं. आकडे बरोबर असूनही असं झालं, तर आधी स्केल तपासा.

आता आरशासारख्या कडा. पाण्याचा ठोकळा टाइलच्या भिंतीपासून जरा आत राहिला आहे. ठोकळा आणि टाइल यांच्यामध्ये मिलिमीटरभर हवा उरली, की पाण्यातून तिरपा निघालेला किरण त्या उभ्या बाजूवर आदळतो. पाण्यातून हवेत जाताना क्रांतिक कोन 48.6 अंश असतो. त्यापेक्षा तिरपा किरण बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. भिंत टाइलची न दिसता चांदीची दिसते. नवख्या माणसाच्या पूलमध्ये मला ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि तिच्यासाठी लोक मटेरिअल बदलत बसतात.

पाण्याचा बंद ठोकळा करा आणि त्याच्या चारही बाजू व तळ टाइलच्या आत 5 मिलिमीटर घुसवा. टाइलच्या पृष्ठभागाला नेमका चिकटवू नका, कारण दोन पृष्ठभाग एकाच जागी आले की काळे डाग पडतात. घुसवल्यावर किरणाला पाण्याची बाजू भेटतच नाही, आधी टाइल भेटते. वरचा एकच पत्रा टाकून भागवण्याचा मोह टाळा. त्या पत्र्याला आत-बाहेर नसतं, त्यामुळे व्हॉल्यूमचं शोषण नीट बसत नाही.

तळ काळा पडण्याचं कारण वेगळं आहे. सायकल्स तळावरच्या बिंदूपासून सूर्याकडे सरळ किरण टाकून बघतो की उजेड येतो का. मध्ये काचेसारखा पृष्ठभाग आला की तो त्याला अडथळा मानतो. मग सूर्याचा उजेड तळाला फक्त योगायोगाने सापडलेल्या वाकड्या वाटेनेच मिळतो. सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं असल्याने ती वाट क्वचितच सापडते. तुम्हाला काळा तळ आणि त्यावर विखुरलेले पांढरे ठिपके दिसत असतील.

यावर दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे `Light Path` नोडचा `Is Shadow Ray` घेऊन छायेच्या किरणांसाठी काचेऐवजी `Transparent BSDF` दाखवायचा. तळ लगेच उजळतो, रेंडर पटकन होतं, पण तळावरचं उजेडाचं हलतं जाळं मिळत नाही. उन्हातल्या पूलची ओळखच त्या जाळ्याने होते. दुसरा मार्ग ब्लेंडर 3.2 पासून आलेला `Shadow Caustics` आहे. सन लाइटच्या सेटिंगमध्ये `Shadow Caustics` चालू करा, पाण्याच्या ऑब्जेक्टवर `Cast Shadow Caustics` आणि पूलच्या टाइलवर `Receive Shadow Caustics`. पाण्याला `Shade Smooth` हवंच. दोन्ही मार्ग एकत्र वापरू नका. तसं केलं तर तळाला उजेड दोनदा मिळतो आणि पूल जळाल्यासारखा पांढरा होतो. दुपारच्या दृश्याला मी दुसरा मार्ग घेतो. ढगाळ किंवा संध्याकाळच्या दृश्याला पहिला पुरतो, कारण तेव्हा खऱ्या पूलमध्येही जाळं नसतं.

एवढं झालं की पाण्यात एक पांढरी चौकट तळाला ठेवा आणि तशीच एक बाहेर उन्हात. रेंडर झाल्यावर इमेज एडिटरमध्ये उजवं बटण दाबून धरलं की पिक्सेलचे आकडे दिसतात. तळावरच्या चौकटीत लाल हा निळ्याच्या साधारण निम्मा हवा. तो जवळपास सारखाच दिसला तर शोषण लागू होत नाहीये. फारच कमी दिसला तर स्केल चुकलं आहे. आकडे पटल्यावर चौकट काढून टाका.

टाइलचा रंग हा खरा निर्णय आहे आणि तो पाणी गृहीत धरून घ्यावा लागतो. वरचेच टक्के घेऊन गुणाकार करून बघा. 75 टक्के परावर्तन देणारी पांढरी टाइल पाण्याखाली साधारण लाल 0.33, हिरवा 0.65, निळा 0.74 होते. हा स्वच्छ आकाशी-हिरवट रंग आहे. वाळूच्या रंगाची टाइल, समजा 0.70, 0.60, 0.45, पाण्याखाली 0.31, 0.52, 0.44 होते, म्हणजे सरळ हिरवी. काही क्लायंट बेज टाइल निवडतात आणि रेंडरमध्ये पाणी हिरवं दिसलं की नाराज होतात. अशा वेळी पाण्यात निळा रंग घालून त्यांना खूश करू नका. पूल बांधून झाल्यावर पाणी हिरवटच दिसणार आहे, आणि तो धक्का रेंडर बघताना बसलेला परवडतो. तुमची पांढरी-आकाशी मोझॅइक मात्र सोपी आहे. पांढऱ्याचं प्रमाण वाढवाल तेवढं पाणी उजळ दिसेल, गडद निळे ठिपके वाढवाल तेवढं खोल वाटेल.

इथे एक सापळा आहे. टाइलचा टेक्श्चर कुठून घेतला ते बघा. पूलचा फोटो कापून घेतला असेल तर त्यात पाण्याचा निळेपणा आधीच शिरलेला असतो आणि तुमचं पाणी तो दुसऱ्यांदा चढवतं. निऑन निळे पूल असेच तयार होतात. टाइल कोरडी असतानाचा, सावलीतला फोटो घ्या. मोझॅइकचा तुकडा 20 किंवा 25 मिलिमीटरचा आणि ग्राउटची रेघ 2 मिलिमीटरच्या आसपास असते. हे माप अचूक असू द्या, कारण पुढे लाटांचं माप तपासताना हीच टाइल तुमची फूटपट्टी होणार आहे. पाण्याखालच्या टाइलला वेगळी चमक देण्याची गरज नाही. पाण्यात बुडालेल्या टाइलची चकाकी बरीच कमी होते, कारण पाणी आणि ग्लेझ यांच्या अपवर्तनांकात हवेएवढा फरक नसतो. चमक पाण्याच्या वरच्या पट्ट्याला द्या.

लाटांबद्दल बहुतेक जण उंचीचा विचार करतात, पण डोळ्याला उतार दिसतो. पृष्ठभाग 5 अंशांनी कलला की परावर्तित किरण 10 अंशांनी सरकतो. पाण्यात शिरणारा किरण मात्र जेमतेम सव्वा अंशाने सरकतो. म्हणजे एकाच लाटेने आकाशाचं प्रतिबिंब जितकं तुटतं त्याच्या आठव्या भागाइतक्याच तळाच्या रेघा वाकतात. खऱ्या पूलमध्ये झाडाच्या प्रतिबिंबाचे तुकडे होतात आणि टाइलच्या रेघा तरी ओळखू येतात, ते यामुळे. तुमच्या रेंडरमध्ये दोन्ही सारखंच विस्कटत असेल तर लाट फार मोठी झाली आहे.

हिशेब असा. 20 सेंटीमीटर लांबीची लाट घ्या. तिचा सर्वांत जास्त उतार 5 अंश हवा असेल तर शिखरापासून दरीपर्यंत उंची फक्त साडेपाच मिलिमीटर लागते. हीच उंची 5 सेंटीमीटर केली तर उतार 38 अंशांवर जातो आणि पूलमध्ये समुद्र येतो. 5 अंशांच्या उताराने 1.2 मीटर खोलीवर तळ अडीच सेंटीमीटर सरकलेला दिसतो, म्हणजे मोझॅइकच्या एका तुकड्याइतका. ही कसोटी मी नेहमी लावतो. वरून बघताना ग्राउटची रेघ एका तुकड्याच्या रुंदीइतकी इकडेतिकडे डोलावी. दोन-तीन तुकडे उड्या मारत असेल तर वारा सुटलाय. रेघ सरळच असेल तर ती काच आहे.

ब्लेंडरमध्ये पाण्याच्या वरच्या पृष्ठभागाला 2 सेंटीमीटरची जाळी द्या. 10 बाय 4 मीटरच्या पूलला एक लाख चौकोन होतात, मशीनला ते जड नाहीत. वरच्या पृष्ठभागाचा व्हर्टेक्स ग्रुप करून `Displace` मॉडिफायर लावा, `Clouds` टेक्श्चर घ्या, `Size` 0.2, `Strength` 0.006 आणि `Midlevel` 0.5. त्यावर दुसरा थर अर्ध्या-पाऊण मीटरच्या संथ हेलकाव्याचा, तोही काही मिलिमीटरचाच. तीन-चार सेंटीमीटरच्या बारीक शिरशिरीसाठी जाळी आणखी बारीक करू नका, तिथे `Bump` पुरतो. `Ocean` मॉडिफायर पूलला वापरू नका. तो मैलोनमैल वाहिलेल्या वाऱ्याच्या लाटा बनवतो आणि दहा मीटरच्या पाण्यात तशा लाटा उठत नाहीत.

लाटांचा उतार बरोबर आहे का, हे उजेडाच्या जाळ्यावरूनही कळतं. प्रत्येक शिखर भिंगासारखं काम करतं. वरच्या 20 सेंटीमीटरच्या लाटेचं उजेड गोळा करण्याचं अंतर सुमारे 1.45 मीटर येतं, म्हणून 1.2 मीटरच्या तळावर जाळं बऱ्यापैकी धारदार पडतं. उंची तिसऱ्या हिश्श्यावर आणलीत तर हे अंतर चार मीटरच्या पुढे जातं आणि तळावर नुसते ढगाळ डाग उरतात. सूर्याच्या बिंबाला रुंदी असल्याने या खोलीवर जाळ्याची रेघ सुमारे 8 मिलिमीटरपेक्षा बारीक होऊच शकत नाही. केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा दिसत असतील तर सन लाइटचा `Angle` शून्य राहिलाय. तो 0.53 अंश करा.

लाटा सगळीकडे सारख्या पसरवू नका. वारा ज्या बाजूने येतो तिथल्या भिंतीच्या आडोशाला पाणी शांत असतं, समोरच्या टोकाला शिरशिरी जास्त असते. फिल्टरचं पाणी जिथून आत येतं तिथे गोल हलकी वळणं दिसतात. एक मोठा, मंद नॉइज मास्क घेऊन `Displace` ची ताकद काही भागात पंचवीस टक्क्यांवर आणा. त्या शांत पट्ट्यांमधून तळ स्पष्ट दिसतो आणि बाकीचं पाणी हलतंय हे तिथेच पटतं.

काठाचं परावर्तन हा माझा आवडता भाग आहे, कारण पाणी खड्ड्यात आहे की वर चिकटवलंय हे काठावर ठरतं. साध्या स्किमरच्या पूलमध्ये पाणी कोपिंगच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली असतं. त्या उघड्या पट्टीचं उलटं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, म्हणून पट्टी दुप्पट जाडीची भासते. कोपिंगचा दगड पाण्यावर 2-3 सेंटीमीटर पुढे आलेला असतो. त्याच्या खालच्या सावलीची गडद रेघ आणि तिचं प्रतिबिंब, या दोन रेघांमध्ये पाण्याची पातळी बसते. मॉडेलमध्ये कोपिंग नुसता पातळ पत्रा असेल तर या दोन्ही रेघा गायब होतात आणि पाणी जमिनीवर ठेवलेल्या काचेसारखं वाटतं. कोपिंगला खरी जाडी, पुढे आलेली कड आणि 3-4 मिलिमीटरची गोलाई द्या. पाण्याच्या वर दोन-तीन सेंटीमीटर टाइल ओली, थोडी गडद आणि चकचकीत करा. जवळचा शॉट असेल तर टाइलला टेकणारे पाण्याचे बिंदू 2-3 मिलिमीटर वर ओढा. पाणी भिंतीवर किंचित चढतं आणि तिथे एक बारीक उजळ रेघ चमकते. ती रेघ दुरून दिसत नाही, पाच मीटरच्या पुढे हा खटाटोप करू नका.

आता कॅमेरा. फ्रेनेलचं गणित सायकल्स स्वतः करतो, पण ते काय दाखवणार हे आधी माहीत असावं. तुम्ही पूलच्या अलीकडच्या काठापासून दोन मीटर मागे, डोळ्याच्या उंचीला, पाण्यापासून 1.7 मीटर वर आहात असं धरा. अलीकडच्या काठाशी पाणी फक्त साडेतीन टक्के परावर्तित करतं, तिथे टाइल स्वच्छ दिसते. दहा मीटर लांबीच्या पलीकडच्या टोकाला हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या वर जातं आणि तिथे टाइलपेक्षा पलीकडचं दृश्य जास्त दिसतं. ड्रोनच्या शॉटमध्ये संपूर्ण पूल दोन-चार टक्क्यांतच राहतो, म्हणून वरून टाइल आणि जाळं नीट हवं, तर खालून पूलमागची झाडं आणि भिंत नीट हवी.

अलिबागजवळच्या एका वीकएंड होमचं काम करताना मी इथेच अडलो होतो. पूल 10 बाय 4 मीटर, खोली 1.2, काठाला जांभा दगड, मागे कंपाउंडची भिंत. पाणी, टाइल, लाटा सगळं मापात होतं, पण आर्किटेक्टने पाठवलेल्या मार्कअपमध्ये पूलच्या पलीकडच्या अर्ध्या भागाभोवती लाल वर्तुळ होतं आणि लिहिलं होतं, «इथे पाणी का संपतं?» मी मटेरिअल दोन दिवस तपासलं. चूक मटेरिअलमध्ये नव्हती. फ्रेमच्या वर कापली जाणारी माडांची रांग मी मेमरी वाचवायला काढून टाकली होती. कॅमेऱ्याला ती दिसत नव्हती, पण पाण्याला दिसत होती. तिच्या जागी आकाशाचा पांढरा भाग पाण्यात उतरला आणि पूलचा अर्धा भाग धुतल्यासारखा झाला. माड परत ठेवले, भिंतीला थोडी हिरवळ दिली, तेव्हा पलीकडचं पाणी गडद हिरवट झालं, त्यात माडांच्या खोडांच्या नागमोडी उभ्या रेघा आल्या आणि अलीकडे टाइल उजळ राहिली. तेव्हापासून फ्रेमबाहेरचं काहीही काढण्याआधी मी पाण्याच्या पातळीखाली कॅमेऱ्याची उलटी प्रत ठेवतो, उंची तेवढीच, पण खालून वर बघणारी. मध्ये येणारी पूल आणि जमीन तेवढी लपवतो. तिला जे दिसतं तेच पाण्यात दिसणार असतं.

संध्याकाळचा शॉट करणार असाल तर हिशेब उलटा होतो. तळाला ऊन नसल्याने टाइल अंधारात जाते आणि तेच साडेतीन टक्के आकाशही अलीकडच्या काठाशी ठळक दिसू लागतं. लाटा दुपारच्या निम्म्या करा, कारण आता प्रतिबिंबच सगळं काम करतंय आणि ते आठपट वेगाने तुटतं. पूलचे दिवे लावणार असाल तर ते भिंतीवर, पाण्याखाली अर्ध्या मीटरच्या आसपास बसवा आणि दिव्याचा रंग पांढराच ठेवा. दिव्यापासून दूर जाताना पाणी स्वतःच तो निळसर करत नेतं.